लिजिओनेलाचा न्यूमोनिया आणि बीटा-लॅक्टम औषधांचे अपयश

जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्या पेनसिल्व्हेनिया शाखेचे अधिवेशन भरले. ते आटोपून प्रतिनिधी घरी परतले आणि काही दिवसांतच त्यांच्यापैकी अनेकांना तीव्र ताप व न्यूमोनिया झाला. हॉटेलच्या आसपास वावरलेल्या इतरांनाही धरले तर २२१ जण आजारी पडले आणि ३४ दगावले. जिवाणूजन्य न्यूमोनियावर तेव्हा सर्रास दिली जाणारी औषधे म्हणजे पेनिसिलिनच्या कुळातील प्रतिजैविके आणि सेफॅलोस्पोरिन, म्हणजेच बीटा-लॅक्टम औषधे. पुष्कळ रुग्णांना तीच मिळाली. पुढे नोंदी ताडून पाहिल्यावर असे दिसले की एरिथ्रोमायसिन किंवा टेट्रासायक्लिन मिळालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण त्यामानाने कमी होते. रोगजंतू हाती लागण्याआधीच त्याच्या स्वभावाचा एक धागा असा उपचारांच्या नोंदींत पडून होता.

जंतू सापडायला जवळपास सहा महिने लागले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रात रिकेट्सिया या पेशींच्या आतच वाढणाऱ्या जिवाणूंवर काम करणारे जोसेफ मॅकडेड यांनी मृतांच्या फुफ्फुसातील ऊती गिनिपिगांना टोचल्या होत्या. प्राण्यांना ताप आला आणि काचपट्टीवर अधूनमधून एखादा दंडाकार जिवाणू दिसलाही. पण बाहेरून मिसळलेला असेल, असे समजून तो बाजूला सारला गेला. पुढची पायरी म्हणून हा नमुना कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढवताना, नेहमीच्या जिवाणूंची गर्दी होऊ नये म्हणून प्रतिजैविके घातली गेली. रिकेट्सिया शोधायच्या असताना ही रीत योग्यच होती. इथे मात्र ती शोधाच्या आड आली आणि काहीच वाढले नाही. डिसेंबरच्या अखेरीस मॅकडेड यांनी जुन्या काचपट्ट्या पुन्हा तपासल्या तेव्हा त्यांना दंडाकार जिवाणूंचा एक पुंजका आढळला. प्रतिजैविके न घालता अंडी टोचल्यावर जिवाणू वाढले आणि आजारातून उठलेल्यांच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडे त्यांना चिकटली. हा शोध १८ जानेवारी १९७७ रोजी जाहीर झाला आणि जिवाणूला ‘लिजिओनेला न्यूमोफिला’ हे नाव मिळाले. जपून ठेवलेले जुने रक्तद्रव तपासल्यावर १९६५ मधील वॉशिंग्टनच्या एका रुग्णालयातील साथीचे कारणही हेच निघाले. म्हणजे रोग नवा नव्हता, ओळख नवी होती.

बीटा-लॅक्टम औषधे जिवाणूची पेशीभित्तिका बांधणारी विकरे बंद पाडतात. मायकोप्लाझ्मा या जिवाणूला भित्तिकाच नसल्याने त्याच्यावर ती चालत नाहीत, हे समजण्याजोगे आहे. लिजिओनेलाला मात्र भित्तिका आहे आणि प्रयोगशाळेच्या माध्यमात यांतील काही औषधे त्याला रोखतातही. मग रुग्णात ती का हरतात? याचे उत्तर जिवाणू कुठे राहतो यात आहे. १९८० मध्ये रोबॉथम यांनी दाखवले की तो पाण्यातील अमिबांच्या आत वाढतो. टाक्या, शॉवर, कूलिंग टॉवर यांच्या कोमट पाण्यात, विशेषतः २५ ते ४२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान, त्याची चांगली वाढ होते. त्या पाण्याचे सूक्ष्म तुषार श्वासावाटे फुफ्फुसात गेले की तिथल्या भक्षकपेशी त्याला गिळतात. पण अमिबात शिकलेली युक्ती तो इथेही वापरतो. स्वतःची प्रथिने पेशीत सोडून तो पचनाच्या मार्गातून निसटतो आणि एका पोकळीत सुरक्षित राहून गुणाकार करतो. बीटा-लॅक्टम पेशीबाहेरच्या द्रवात भरपूर असले तरी पेशीत साठत नाही. उलट एरिथ्रोमायसिनसारखी मॅक्रोलाइड आणि फ्लुओरोक्विनोलोन औषधे पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात साठतात. शिवाय या जिवाणूच्या अनेक जातींत बीटा-लॅक्टम तोडणारे विकरही असते. माझ्या मते मात्र मुख्य अडचण जागेचीच आहे, कारण विकर निष्प्रभ करणारे औषध जोडले तरी उपचार भरवशाचा होत नाही.

एक कल्पित रुग्ण घेऊ. साठीचा, धूम्रपान करणारा. ४० अंश ताप, कोरडा खोकला, जुलाब आणि थोडे भरकटलेले बोलणे. रक्तातील सोडियम १२८, म्हणजे कमी. थुंकीच्या ग्रॅम रंगकामात पांढऱ्या पेशी विपुल, जिवाणू जवळजवळ नाहीत. सेफ्ट्रायॅक्सोन हे बीटा-लॅक्टम देऊन दोन दिवस झाले तरी ताप हटत नाही आणि एक्स-रेमधील सावली पसरते. अशा वेळी औषधाचा डोस वाढवून उपयोग नसतो. लेव्होफ्लॉक्सासिन हे फ्लुओरोक्विनोलोन किंवा ॲझिथ्रोमायसिन हे मॅक्रोलाइड सुरू करून लिजिओनेलाच्या चाचण्या मागवाव्या लागतात. लघवीतील प्रतिजनाची चाचणी झटपट होते, पण ती प्रामुख्याने पहिल्या सीरोगटालाच, म्हणजे या जिवाणूच्या एकाच उपप्रकाराला, ओळखते, म्हणून ती नकारात्मक आल्याने निदान बाद होत नाही. संवर्धनासाठी कोळसा, यीस्टचा अर्क, लोह आणि सिस्टीन असलेले खास माध्यम लागते व वाढ दिसायला साधारण तीन ते पाच दिवस जातात. मागणीपत्रावर लिजिओनेलाचा उल्लेख नसेल, तर थुंकी नेहमीच्या माध्यमावर पसरली जाते आणि अहवालात ‘वाढ आढळली नाही’ असे छापून येते.