ऑर्डर रद्द करणे आणि उत्तराला उशीर: सेलरच्या खात्यावरचे दोन वेगळे डाग

‘ग्राहकाला लगेच उत्तर दिले, माफीही मागितली, तरी माझे रेटिंग का घसरले?’ हा प्रश्न अॅमेझॉनवर माल विकणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येतो. त्यामागचा घोळ एकच आहे: उत्तर देण्याचा वेग आणि ऑर्डर रद्द होण्याचे प्रमाण यांचा हिशेब वेगवेगळा ठेवला जातो आणि एकातली चांगली कामगिरी दुसऱ्यात जमा होत नाही.

उत्तराचा नियम सोपा आहे. ग्राहकाच्या संदेशाला 24 तासांत उत्तर द्यायचे, आणि त्यात रविवार व सणही धरले जातात. नुसते ‘धन्यवाद’ लिहून आले असेल, तर त्या संदेशाला उत्तराची गरज नाही अशी खूण करून मोकळे व्हावे. उशिराचा खरा फटका पुढे बसतो, कारण उत्तराची वाट पाहून कंटाळलेला ग्राहक अॅमेझॉनच्या हमीनुसार पैसे परत मागणारा ए-टू-झेड दावा दाखल करतो किंवा वाईट अभिप्राय देतो, आणि मग ऑर्डर डिफेक्ट रेट, म्हणजे अशा तक्रारी आलेल्या ऑर्डरींचे प्रमाण दाखवणारा दर, वाढतो. तो 1 टक्क्याच्या आत ठेवावा लागतो.

रद्द करण्याचा फटका मात्र थेट बसतो. तुम्ही स्वतः पाठवायच्या ऑर्डरींपैकी, माल रवाना झाल्याची नोंद होण्याआधी तुम्ही किती रद्द केल्या, हे 7 दिवसांच्या खिडकीत मोजले जाते आणि प्रमाण 2.5 टक्क्यांच्या खाली राहावे लागते. आठवड्याला 40 ऑर्डरी असणाऱ्या चपलांच्या दुकानदाराने एक जरी रद्द केली, तरी तो नेमका 2.5 टक्क्यांवर, म्हणजे मर्यादेच्या बाहेर जातो. छोट्या विक्रेत्याला एक चूकही परवडत नाही ती म्हणूनच.

सर्वाधिक लोक फसतात ते पुढच्या बाबतीत. ग्राहक संदेशात लिहितो, ‘मला नको, रद्द करा’, आणि विक्रेता सौजन्याने स्वतःच बटण दाबतो. पण ग्राहकाने आपल्या खात्यातील पर्याय वापरून रद्द केलेली ऑर्डरच हिशेबातून वगळली जाते. संदेशातली विनंती हे तुमचे संरक्षण ठरेल, असे गृहीत धरू नये. म्हणून आधी त्याला नम्रपणे लिहावे: ‘कृपया तुमच्या ऑर्डरींच्या यादीत जाऊन रद्द करण्याची विनंती नोंदवा.’ हे उत्तर 24 तासांत गेले, की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

माल संपल्यामुळे रद्द करावे लागत असेल, तर त्याचे मूळ बहुधा एकच साठा दोन संकेतस्थळांवर दाखवण्यात असते. शेवटचे दोन-तीन नग यादीतून काढून ठेवणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते, थोडी विक्री गेली तरी. गणपतीत दुकान बंद ठेवणार असाल, तर यादी आधीच निष्क्रिय करावी. मात्र त्यापूर्वी आलेल्या ऑर्डरी वेळेत पाठवणे आणि संदेशांना उत्तर देणे सुट्टीतही चुकत नाही.