पापण्यांवरचं पुरळ: झोंबणं वेगळं, ॲलर्जी वेगळी

पापण्यांना ग्लूने चिकटवलेले कृत्रिम केस म्हणजे लॅश एक्स्टेन्शन, मस्कारा किंवा काजळ वापरल्यावर पापणी लाल झाली की सगळ्यांच्या तोंडी एकच निदान असतं: "मला ॲलर्जी आहे." त्याला जोडून आणखी दोन वाक्यं येतात. "पण हे तर मी दोन वर्षं वापरतेय, त्याची कशी होईल?" आणि "पार्लरवालीने सेन्सिटिव्ह ग्लू वापरला होता." त्वचेच्या ओपीडीत बसून ही तीन वाक्यं ऐकून ऐकून मी कंटाळलेय. तिन्हींच्या मुळाशी एकच गोंधळ आहे. एखादी वस्तू त्वचेला झोंबणं आणि त्या वस्तूची ॲलर्जी होणं हे दोन निरनिराळे प्रकार आहेत. दिसायला ते बरेच सारखे असल्यामुळे कारण शोधताना माणूस भलत्याच वस्तूवर खापर फोडतो.

झोंबणं सगळ्यांच्या ओळखीचं आहे, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवत नाही. पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्यांत पातळ कातडीपैकी आहे. मेकअप रिमूव्हर, साबण, वॉटरप्रूफ मस्कारा खरवडून काढणं, यातल्या कशानेही तिची चुरचुर होते. हे कोणालाही होऊ शकतं आणि बहुतेक वेळा लगेच, फार तर काही तासांत होतं. वस्तू कमी वापरली की त्रासही कमी होतो. लॅश ग्लूमध्ये सायनोॲक्रिलेट असतं आणि वाळताना त्याची वाफ निघते. काम चालू असताना डोळा किंचित उघडा राहिला तर ही वाफ बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागाला झोंबते, पाणी येतं, डोळे लाल होतात. दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा सगळं शांत झालेलं असतं. इथे लाली डोळ्यात असते, पापणीच्या कातडीवर फारशी नसते.

आता ॲलर्जी. ही त्वचेच्या संपर्काने होणारी, उशिरा उठणारी ॲलर्जी आहे. शेंगदाणे खाऊन अंगावर पित्त उठावं तसली ही नव्हे. शरीराच्या संरक्षक पेशी आधी त्या रसायनाची ओळख करून घेतात. या ओळखीच्या काळात बाहेर काहीच दिसत नाही. कुणाची ओळख दोन आठवड्यांत पक्की होते, कुणाला वर्षं लागतात. म्हणून "दोन वर्षं वापरतेय" हा त्या वस्तूच्या निर्दोषपणाचा पुरावा नाही. पहिल्यांदाच लावलेल्या नव्या ब्रँडपेक्षा नेमाने वापरात असलेल्या जुन्या वस्तूवर मी आधी संशय घेते.

ओळख पक्की झाल्यावर पुढच्या वेळी तीच वस्तू लागली की प्रतिक्रिया येते, पण लगेच नाही. साधारण एक ते तीन दिवसांनी येते, आणि माणसं फसतात ती इथेच. पुरळ दिसतं त्या सकाळी आदल्या रात्री लावलेली वस्तू आठवते. खरी गुन्हेगार त्याच्याही आधी लागून गेलेली असते.

एक उदाहरण घेऊ. ठाण्याची एक मुलगी, लग्नसराईत लॅशेस लावून घेतलेली. पहिल्या वेळी काही झालं नाही. तीन आठवड्यांनी रिफिल केलं, म्हणजे गळालेल्या लॅशेसच्या जागी नव्या चिकटवल्या, तेव्हा थोडी खाज आली आणि गेली. तिसऱ्या वेळी शनिवारी दुपारी रिफिल झालं. रविवारी संध्याकाळी बहिणीच्या साखरपुड्याला तिने नवी चमकीची आयशॅडो लावली. सोमवारी सकाळी दोन्ही वरच्या पापण्या फुगलेल्या, खाज इतकी की झोपेतही चोळत होती. बुधवारपर्यंत कातडी कोरडी पडून कोंडा सुटला. घरच्यांनी एकमुखाने आयशॅडोला दोष दिला. ती फेकली, सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी घेतली आणि लॅशेस तशाच ठेवल्या. आठवडा गेला तरी पापण्या तशाच.

तिच्या सांगण्यातल्या तीन गोष्टी ग्लूकडे बोट दाखवत होत्या. त्रास दर रिफिलला वाढत गेला होता. जळजळीपेक्षा खाज जास्त होती. आणि आयशॅडो बंद करूनही पुरळ ओसरत नव्हतं, कारण वाळलेला ग्लू पापणीच्या कडेला चिकटून होताच. शनिवार दुपार ते सोमवार सकाळ हे अंतरही चपखल बसतं. आयशॅडोला मात्र जेमतेम बारा तास मिळाले होते.

सेन्सिटिव्ह ग्लूचं आता सांगते, कारण त्याचा मला विशेष राग आहे. या ग्लूमध्ये कमी वाफ सोडणारं सायनोॲक्रिलेट असतं. म्हणजे ज्यांना वाफ झोंबते त्यांना त्याचा खरोखर फायदा होतो. पण कूळ तेच राहतं, त्यामुळे ज्यांना ॲलर्जी आहे त्यांचा त्रास थांबेल याची काही खात्री नाही. ॲलर्जीवाल्या बाईला "पुढच्या वेळी सेन्सिटिव्ह लावू" असं सांगणं म्हणजे तोच पाहुणा दुसरा शर्ट घालून घरात घेणं. "हायपोअलर्जेनिक" आणि "नॅचरल" ही डबीवरची लेबलंही मी मोजत नाही. सुगंधी तेलं नैसर्गिकच असतात आणि ॲलर्जी करणाऱ्यांच्या यादीत ती बरीच वर असतात.

कारण शोधायला आधी आरसा घ्या. पुरळ नेमकं कुठे आहे ते पाहिल्यावर अर्धं काम होतं. वरच्या पापणीच्या कडेला असेल तर ग्लू किंवा मस्कारा. डोळ्याखाली चंद्रकोरीसारखा पट्टा असेल तर लॅशेस लावताना खाली चिकटवलेलं जेल पॅड किंवा टेप. त्यात ग्लूचा दोष नाही. वरच्या पापणीवर आडवी रेघ असेल तर आयलॅश कर्लरचं रबर किंवा निकेल. पापण्यांसोबत कानामागे आणि केसांच्या कडेलाही खाज असेल तर हेअर डाय किंवा शॅम्पू. पापणीच्या केसांच्या मुळाशी पापुद्रे आणि कचरा साचलेला असेल तर तो पापणीच्या कडेचा दाह असू शकतो. लॅशेस खराब होतील या भीतीने पापण्या न धुणाऱ्यांत तो हमखास दिसतो.

आणि पुरळ एकाच डोळ्यावर असेल, किंवा ठिगळं पडल्यासारखं इकडेतिकडे असेल, तर नखं पाहा. नेलपॉलिश किंवा जेल नेल्सची ॲलर्जी बऱ्याचदा बोटांवर न दिसता पापणीवर दिसते, कारण हाताची कातडी जाड आणि पापणीची पातळ, आणि दिवसभरात आपण नकळत कितीतरी वेळा डोळ्याला हात लावतो. डोळ्याचा सगळा मेकअप बदलून थकलेल्या बायकांची नखं बघायची मला आता सवयच लागली आहे.

जागा पाहून झाली की सगळं बंद करायचं. सगळं म्हणजे डोळ्याचा मेकअप, रिमूव्हर, लॅशेस, नेलपॉलिश आणि सुगंधी क्रीमसुद्धा. लॅशेस घरी ओढून काढू नका. पार्लरमध्येच काढून घ्या, आणि रिमूव्हरही झोंबतो हे धरून चाला. त्यानंतर तीन-चार आठवडे साधं पाणी आणि साधं पेट्रोलियम जेली, बस. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून मस्कारा परत सुरू केलात तर मेहनत पाण्यात जाते.

पापण्या पूर्ण बऱ्या झाल्यावर, त्वचेवर लावून ठेवायच्या वस्तूंची परीक्षा घरी करता येते. आयशॅडो, फाउंडेशन, आय क्रीम यांतली एकच वस्तू घ्यायची. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, एक ते दोन आठवडे लावायची. मध्येच खाज आणि पुरळ उठलं तर थांबायचं, उत्तर मिळालं. काही उठलं नाही तर ती वस्तू बहुधा ठीक आहे. बहुधाच, कारण कोपराची कातडी पापणीपेक्षा दणकट असते. त्या ठाण्याच्या मुलीने आयशॅडो अशी दहा दिवस लावून पाहिली आणि काहीच झालं नाही.

ग्लूवर मात्र हा प्रयोग घरी अजिबात करू नका. सायनोॲक्रिलेट कापसाला लागलं की चटकन तापतं आणि कातडी भाजते. पट्टीखाली ओला ग्लू झाकून ठेवणंही तितकंच वाईट. रिमूव्हर आणि फेसवॉशही पट्टीखाली ठेवायचे नसतात. ते कोणालाही झोंबतील आणि उत्तर चुकीचं येईल. पार्लरमध्ये चोवीस तास आधी कानामागे ग्लूचा ठिपका लावून बघतात, त्याचा उपयोगही अपुरा आहे. तिसऱ्या दिवशी उठणारं पुरळ चोवीस तासांत दिसत नाही, आणि ओळखच अजून झाली नसेल तर काहीच दिसणार नाही.

ग्लूसाठी त्वचारोगतज्ज्ञांकडची पॅच टेस्ट लागते. ठरावीक प्रमाणात पातळ केलेली रसायनं पाठीवर छोट्या चकत्यांत चिकटवतात, 48 तासांनी काढून पाहतात आणि साधारण 96 तासांनी पुन्हा पाहतात. दुसऱ्यांदा पाहणं गाळलं तर खरी ॲलर्जी हातातून निसटते. म्हणून "पहिल्या दिवशी काही नव्हतं, परत कशाला जाऊ" असं करू नका. टेस्ट चालू असताना पाठ भिजवायची नसते. मुंबईच्या मे महिन्यात घामाने पट्ट्या सुटतात, त्यामुळे शक्य असेल तर हिवाळ्यात करावी. सध्या स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, त्यांनी निकाल दबतो. सेटिरिझिनने फारसा फरक पडत नाही. ती या पुरळावर फारशी लागूही पडत नाही.

ही रक्ततपासणी नव्हे, हे ठळक सांगायला हवं. धूळ, अंडं, शेंगदाणा अशा पन्नास गोष्टींची रक्तातली "ॲलर्जी पॅनेल" महाग असते आणि या पुरळाबद्दल ती काहीही सांगत नाही, कारण ती दुसऱ्याच प्रकारची ॲलर्जी मोजते.

आणखी एक सांगायचं आहे ते मेडिकलमधून आणलेल्या तीन-चार औषधांच्या मिश्रणाच्या ट्यूबबद्दल. त्यात बऱ्याचदा तीव्र स्टेरॉइड असतं. पापणीवर ते आठवडेच्या आठवडे लावलं तर डोळ्याचा दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. शिवाय त्यातल्या काहींत निओमायसिन हे अँटिबायोटिक असतं, जे स्वतःच ॲलर्जी करू शकतं. सौम्य औषध किती दिवस लावायचं ते डॉक्टर ठरवतील. नजर धूसर होणं, प्रकाश सहन न होणं, खाजेपेक्षा दुखणं जास्त असणं, पू किंवा पाण्याचे फोड येणं, यांपैकी काही असेल तर कारण शोधत बसू नका. त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा.

ठाण्याच्या त्या मुलीच्या पाठीवर 96 तासांनी सायनोॲक्रिलेटच्या जागी लाल, फुगीर, खाजरा डाग उठला. ग्लू बंद केला आणि पापण्या बऱ्या झाल्या. दोन-तीन महिन्यांनी त्या पुन्हा सुजल्या, तेव्हा लॅशेस नव्हत्या, पण नखांवर चिकटवलेल्या टिप्स होत्या. त्या टिप्सचा गोंदही सायनोॲक्रिलेटचाच असतो, आणि घरात कप-खेळणी चिकटवतो तो झटपट गोंदही. शस्त्रक्रियेनंतर टाक्यांऐवजी जखमेवर लावतात त्या वैद्यकीय गोंदाचं कूळही तेच. म्हणून तिला तिच्या रिपोर्टचा फोटो फोनमध्ये ठेवायला सांगितलाय, आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं की तो आधी सर्जनला दाखवायला.