दहा फ्लश एकाच वेळी सुरू झाले तर?

अंधेरीतल्या एका दहा मजली ऑफिस इमारतीत रविवारी गच्चीवरची फ्लशची टाकी धुवून घेतली होती. सोमवारी सकाळी तिथल्या देखभालवाल्या काकांचा मला फोन आला. "साहेब, दोन तास पंप चालू आहे, पण टाकी काही भरत नाही. वर चढवलेलं सगळं पाणी खाली जातंय."

मी पोहोचलो तेव्हा वरच्या पाच मजल्यांवरच्या दहाही कमोडमधून पाणी वाहत होतं. तो फ्लशचा जोरदार लोट नव्हता, नळ अर्धवट उघडा राहावा तशी संथ धार होती. फुटलेलं काहीच नव्हतं. प्रत्येक व्हॉल्व्ह ठाकठीक होता आणि तरी एकही बंद होत नव्हता. हे का घडतं ते कळलं की या फ्लशला जाड पाइप आणि चांगला दाब का लागतो, तेही आपोआप कळतं.

घरातल्या कमोडमागे छोटी टाकी असते. ती नळाच्या बारीक धारेनं सावकाश भरते आणि फ्लश करताना तेच साठवलेलं पाणी एकदम सोडते. ऑफिस, मॉल, विमानतळ इथे माणसं एकामागून एक येतात, टाकी भरेपर्यंत थांबायला कुणाला वेळ नसतो. म्हणून तिथे टाकी नसलेला फ्लश व्हॉल्व्ह बसवतात. शिकागोच्या विल्यम स्लोन यांनी १९०६ मध्ये तो बाजारात आणला. साठा नसल्यामुळे फ्लशसाठी लागणारं सहा लिटर पाणी थेट पाइपातूनच यायला हवं, तेही चार-पाच सेकंदांत. त्या क्षणी प्रवाह मिनिटाला ९५ लिटरच्या वेगानं वाहतो. टाकीच्या कमोडला मिनिटाला दहा-अकरा लिटर पुरतात.

आतली रचना साधी आहे. मधोमध एक रबरी पडदा असतो. पाइपातलं पाणी पडद्याच्या खालून दाबतं, आणि पडद्यातल्या सुईएवढ्या छिद्रातून वरच्या कप्प्यात जाऊन तेच पाणी वरूनही दाबतं. दाब दोन्हीकडे सारखाच, पण वरून तो जास्त क्षेत्रफळावर पडतो, म्हणून पडदा घट्ट बसलेला राहतो. दांडी दाबली की वरच्या कप्प्यातलं पाणी निसटतं, पडदा उचलला जातो आणि लोट सुटतो. मग त्या बारीक छिद्रातून वरचा कप्पा हळूहळू पुन्हा भरतो आणि पडदा खाली बसतो. म्हणजे व्हॉल्व्ह बंद करायला स्प्रिंग नाही, मोटर नाही. त्याला बंद करतं ते पाइपातल्या पाण्याचा दाबच. पाणी वाहत असताना दाब पुरेसा उरला नाही, तर पडद्याला खाली बसायला जोरच मिळत नाही.

त्यामुळे दाब मोजताना पाणी वाहत असलं पाहिजे. आपले प्लंबर दाब 'किलो'त सांगतात. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे एक किलो. या प्रकारच्या व्हॉल्व्हला वाहत्या पाण्यात साधारण पावणेदोन किलो, म्हणजे साडेसतरा मीटर लागतात, आणि काही कमोडना त्याहून जास्त. आता हीच इमारत घ्या. टाकीचा तळ गच्चीपासून दोन मीटर वर, एक मजला ३.३ मीटरचा आणि व्हॉल्व्ह जमिनीपासून मीटरभर उंच. सर्वांत वरच्या, नवव्या मजल्यावर टाकीपासून मिळणारी उंची फक्त ४.३ मीटर. तिथे गुरुत्वाकर्षणावर हा फ्लश चालणार नाही. पाचव्या मजल्यावर मात्र १७.५ मीटर मिळतात. नळ बंद ठेवून गेज लावला तर काटा बरोबर पावणेदोनवर येतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, झालं काम. पण पाणी वाहू लागलं की घर्षण दाब खातं आणि पाचवा मजला नापास होतो.

घर्षण किती खातं हे पाइपाच्या जाडीवर ठरतं. मुख्य उभ्या पाइपापासून कमोडपर्यंत सहा मीटरचा जीआय पाइप आहे असं समजा. तो २५ मिलीमीटरचा (एक इंची) असेल तर त्या लोटात सुमारे अडीच मीटर दाब जातो. २० मिलीमीटरचा असेल तर साडेसात मीटर. १५ मिलीमीटरच्या पाइपात तेवढं पाणी लोटायला ३० मीटरहून जास्त लागतील, म्हणजे तेवढं पाणी येणारच नाही. व्यास थोडासाच कमी झाला की नुकसान काही पटींनी वाढतं. म्हणूनच अशा कमोडला एक इंचाहून बारीक जोड देऊ नये, असं अमेरिकेतली प्लंबिंग नियमावली सांगते. आपल्याकडे मिळणारे काही व्हॉल्व्ह ३२ किंवा ४० मिलीमीटरचे असतात आणि बऱ्याच कमी दाबावर चालतात. दाब कमी असेल तर पाइप जाड हवा, असा हा सौदा आहे. चौथ्या मजल्यावर उंची २०.८ मीटर मिळते. एक इंची जोड आणि उभ्या पाइपातलं नुकसान वजा जाता तो मजला कसाबसा काठावर बसतो. जुन्या टाकीच्या जागी व्हॉल्व्ह बसवून जुना अर्धा इंची पाइप तसाच ठेवणं ही नूतनीकरणात सर्रास होणारी चूक आहे, आणि मग दोष व्हॉल्व्हच्या माथी येतो.

या इमारतीत पाचव्यापासून वरच्या मजल्यांसाठी वेगळा बूस्टर पंप होता, मिनिटाला २०० लिटरच्या आसपास देणारा. दहा कमोडना प्रत्येकी ९५ लिटर म्हणजे ९५० लिटर हवेत, मग २०० कसे पुरतील? याचं उत्तर अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या रॉय हंटर यांनी १९४० मध्ये दिलं. गर्दीतही एक कमोड पाच मिनिटांतून एकदाच फ्लश होतो आणि त्याचा लोट नऊ सेकंद टिकतो, असं त्यांनी धरलं. म्हणजे कोणत्याही क्षणी तो सुरू असण्याची शक्यता शंभरात तीन. दहापैकी तीन किंवा अधिक फ्लश एकाच क्षणी सुरू असण्याची वेळ हजारात तीनदाच येते. म्हणून दोघांची सोय केली की पुरते. हिशोब मला फार देखणा वाटतो. पण त्यामागे एक गृहीत आहे: एका माणसाच्या फ्लशचा दुसऱ्याच्या फ्लशशी संबंध नसतो.

रविवारी टाकी रिकामी झाली तेव्हा नेमकं तेच गृहीत कोसळलं. पाइप कोरडे पडले, दहाही पडद्यांवरचा दाब गेला. बूस्टर पंप सुरू होताच पाइपांत पाणी हळूहळू भरू लागलं, सगळे पडदे एकदम उचलले गेले आणि दहा जणांनी मिळून ९५० लिटर मागितले. बूस्टरचे २०० दहांत वाटले गेले, प्रत्येकाला वीस. एवढ्याशा धारेत पडदा खाली बसवण्याइतका दाब कुठेच तयार होईना. आणि कुणीच बंद होत नसल्यामुळे दाब वाढायला वावही नव्हता. खालून टाकी भरणारा पंपही मिनिटाला साधारण तेवढंच पाणी देत होता, म्हणून टाकीची पातळी जागची हलत नव्हती.

उपाय स्क्रूड्रायव्हरचा. प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी पाणी बंद करणारा स्टॉप असतो, त्याची टोपी काढली की आत स्क्रू दिसतो. काकांनी दहाही स्टॉप बंद केले. बूस्टरशेजारच्या गेजचा काटा वर चढत तीन किलोवर गेला. मग नवव्या मजल्यापासून एकेक स्टॉप उघडायचा, दांडी एकदा दाबायची आणि व्हॉल्व्ह नीट बंद झाल्यावरच पुढच्याकडे जायचं. नऊ व्हॉल्व्ह असेच शांत झाले. सहाव्या मजल्यावरचा एक मात्र पूर्ण दाब मिळूनही वाहतच राहिला. काकांनी त्याचा स्टॉप पुन्हा बंद करून वरचं झाकण उघडलं. टाकी धुताना उठलेला गाळ पाइपातून उतरून पडद्याच्या छिद्रात बसला होता, म्हणून वरचा कप्पा भरतच नव्हता. त्यांनी पडदा बादलीतल्या स्वच्छ पाण्यात खळखळून धुतला. छिद्रात तार घातली नाही, कारण ते मोठं झालं असतं तर कप्पा लवकर भरून फ्लश अर्ध्यावर तुटला असता. पडदा परत बसवला, दांडी दाबली, पाच सेकंदांत तोही बंद झाला.