मोबाइल चोरीला गेल्यावर पोलीस ‘गहाळ’ लिहायला सांगतात तेव्हा

एसटी स्टँडवर गाडीत चढताना खिशातला अठरा हजारांचा मोबाइल कोणीतरी काढला. ठाण्यात गेल्यावर सांगितलं जातं, “गहाळ झाला असं लिहा, लगेच दाखला देतो.” सिमकार्ड बदलून घ्यायला तो दाखला चालतो, पण ‘गहाळ’ म्हटलं की गुन्हाच घडलेला नसतो, त्यामुळे चोराचा तपासही होत नाही. चोरी झाली असेल तर अर्जात चोरीच लिहा.

१ जुलै २०२४ पासून गुन्हा नोंदवण्याची पद्धत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. खबर तोंडी दिली तरी चालते. ठाणे अंमलदाराने ती लिहून, वाचून दाखवून सही घ्यायची आणि एफआयआरची प्रत मोफत द्यायची. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली असली तरी ‘झिरो’ नंबरने गुन्हा नोंदवून तो तिकडे वर्ग करता येतो. खबर ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांत सही करावी लागते.

फिर्यादीत वेळ, जागा, आयएमईआय क्रमांक आणि मोबाइलची किंमत जरूर लिहा. नव्या कायद्यात पाच हजारांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र आहे. तिची एनसी, म्हणजे फक्त अदखलपात्र नोंद होते, आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. म्हणून बिल किंवा खोका सोबत न्या. बिल सापडत नाही एवढ्यावरून मात्र फिर्याद नाकारता येत नाही. खबरीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालात स्पष्ट केलं आहे.

तरीही नकार मिळाला तर ठाण्यात वाद घालत बसू नका. तीच हकिकत लेखी अर्जात मांडा, आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर अर्ज पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. पुढची सगळी वाट या कागदावर अवलंबून असते. त्यानंतर कलम १७३(४) खाली जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवायचा. आयुक्तालय असलेल्या शहरात तो परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे जातो. ठाण्यात कधी गेलात आणि काय उत्तर मिळालं, हे त्यात लिहा व पहिल्या अर्जाची प्रत जोडा. अधीक्षक स्वतः तपास करू शकतात किंवा हाताखालच्या अधिकाऱ्याकडे सोपवू शकतात.

तिथेही काही हाललं नाही, तर मॅजिस्ट्रेटकडे कलम १७५(३) खाली अर्ज करता येतो. त्याला शपथपत्र लागतं. दोन्ही अर्जांच्या प्रती आणि पोचपावत्या जोडाव्या लागतात, आणि अधीक्षकांचा टप्पा गाळून थेट गेलेले अर्ज बहुधा इथेच अडकतात. आदेश देण्यापूर्वी मॅजिस्ट्रेट पोलिसांचं म्हणणंही विचारात घेतात, म्हणून चार-दोन तारखा धरूनच चाला. शपथपत्रातलं विधान खोटं निघालं तर कारवाई अर्जदारावर होऊ शकते, तेव्हा मोबाइल खरोखर कुठे आणि कसा गेला याबद्दल जेवढं ठाऊक आहे तेवढंच त्यात लिहा.