एका दिवसापुरतं मूल दुसऱ्या पालकाने शाळेतून आणायचं असेल तर: अर्ज, पात्रता, कागदपत्रं

'बुधवारी आमच्या आरोहीला तुम्ही आणाल का? शुक्रवारी विहानला मी आणते.' पालकांचं आपसात ठरायला इतकं पुरतं, शाळेच्या गेटवर मात्र याला काही किंमत नाही. ऑगस्ट 2024 मधल्या बदलापूरच्या घटनेनंतर ठाणे जिल्ह्यातल्या बऱ्याच शाळा मूल कोणाच्या हाती द्यायचं याबाबत कडक झाल्या आहेत. यासाठी सरकारी फॉर्म नाही. प्रत्येक शाळा आपापला नियम लावते, पण विचारलं जातं ते साधारण सारखंच.

पात्रतेपासून सुरुवात करू. आणणारी व्यक्ती 18 वर्षांवरची हवी आणि अर्जात नाव असलेलीच हवी. अर्जात विहानच्या बाबांचं नाव आहे आणि ऐनवेळी आजोबा आले, तर वॉचमन मूल सोडणार नाही आणि त्याने सोडूही नये. घरच्या ड्रायव्हरलाही हेच लागू. म्हणून 'गाडी कोण चालवणार' आणि 'गेटवर कोण उतरणार' या दोन्हींचं उत्तर एकच माणूस असेल तर सगळ्यात सोपं. नववीतल्या ताईने धाकट्याला न्यावं, हे बऱ्याच शाळांत चालत नाही.

अर्ज द्यायचा मुलाच्या स्वतःच्या पालकाने, नेणाऱ्याने नव्हे. पाठवायचा आदल्या दिवशी, डायरीतून वर्गशिक्षिकेकडे, आणि शाळेचं अ‍ॅप किंवा ऑफिसचा ईमेल असेल तर तिथेही. त्याच दिवशी सकाळी बाईंना व्हॉट्सअ‍ॅप केलं की झालं, असं धरून चालू नये. तास चालू असताना बाई फोन बघत नाहीत. मजकूर मोजकाच असावा:

'माझी मुलगी आरोही, इयत्ता दुसरी ब, हिला बुधवार, दि. 8 जुलै 2026 रोजी शाळा सुटल्यावर विहान (इयत्ता दुसरी अ) याचे वडील घेऊन जातील. त्यांचं पूर्ण नाव व मोबाइल नंबर खाली दिला आहे. त्यांच्याकडे ओळखपत्र असेल. ही परवानगी फक्त या एका दिवसापुरती आहे. आरोही रोज व्हॅनने जाते. या दिवशी तिला व्हॅनच्या रांगेत न पाठवता पालकांच्या रांगेत पाठवावं, ही विनंती.'

खाली सही, तारीख आणि दोघांचे नंबर. शेवटची दोन वाक्यं बहुतेक अर्जांत नसतात, आणि घोळ नेमका तिथेच होतो. सुट्टीच्या वेळी मुलं बस, व्हॅन आणि पालक अशा रांगांत वाटली जातात. बाईंना कोण नेणार हे कळलं, पण रांग बदलली नाही, तर पोरगी सवयीने व्हॅनमध्ये जाऊन बसते आणि विहानचे बाबा गेटवर उभे राहतात. व्हॅनवाल्या काकांनाही आदल्या संध्याकाळी वेगळं सांगा. नाहीतर ते तिची वाट बघत थांबतील आणि बाकीच्या मुलांना उशीर होईल.

कागदपत्रं मोजकीच. नेणाऱ्याचं फोटो असलेलं ओळखपत्र (आधार किंवा लायसन्स) आणि शाळेने दिलेलं पालक कार्ड. शाळा कार्डाशिवाय मूल सोडत नसेल, तर आरोहीचं कार्ड मंगळवारी रात्रीच विहानच्या घरी पोचायला हवं. कार्डाचा फोटो काही शाळांत चालतो, काहींत नाही. ऑफिसला फोन करून खात्री केलेली बरी. लायसन्स, आरसी आणि विमा हे गाडीचे कागद डिजिलॉकरमध्ये असले तरी ग्राह्य धरले जातात. विमा मात्र एकदा उघडून बघा. फक्त थर्ड पार्टी असेल, तर खाजगी कारमधून असं सोबत नेलेल्या दुसऱ्याच्या मुलाला त्याचं संरक्षण साधारणपणे मिळत नाही. पॅकेज पॉलिसी असलेली गाडी असेल तर तीच काढावी.

वाहनाची अट लोक हमखास विसरतात. कारमध्ये 14 वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल, तर 1000 रुपये दंड आहे, आणि तो मूल कोणाचंही असलं तरी चालवणाऱ्याला. म्हणून दोघंही मागे, दोघांनाही बेल्ट. खरी अडचण येते ती स्कूटरवर. कायद्याने चालवणाऱ्यामागे एकच माणूस बसू शकतो, त्यात लहान मुलाला सूट नाही. आपलं एक पुढे उभं आणि दुसऱ्याचं एक मागे, हे दृश्य ठाण्यात पोखरण रोडला रोज दिसतं म्हणून ते नियमात बसत नाही. पकडलं तर 1000 रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र. चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेटही लागतं. आरोहीच्या आईकडे स्कूटरच आहे, म्हणजे शुक्रवारी तिने दोघांना रिक्षाने आणावं आणि हे विहानच्या घरी आधीच सांगावं.

पैशांचा प्रश्न अदलाबदलीत येत नाही, आणि येऊ देऊही नका. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीतून भाडं घेऊन मुलं नेणं ही परवान्याची बाब होते.

राहिली वेळ. शाळा सुटण्याची वेळ, गेटवर पोचण्याची वेळ आणि घरी पोचण्याची वेळ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 'साडेबाराला आणतो' यातून नक्की कोणती, ते कळत नाही. मंगळवारी रात्रीचे मेसेज असे असावेत:

'विहानचे बाबा, उद्या आरोहीला तुम्ही आणताय ना? शाळा 12:30 ला सुटते. अर्ज दिलाय, त्यात तुमचं नाव आहे. कार्ड विहानच्या आईकडे दिलं. व्हॅनवाल्या काकांना सांगितलंय.'

'हो, मीच येतोय, ड्रायव्हर नाही. 12:20 ला गेटवर. दोघं गाडीत बसले की मेसेज करतो. घरी सव्वा वाजेपर्यंत.'

शाळा पोखरण रोड क्रमांक दोनवर आणि घर वाघबीळला. मानपाड्याकडून निघालं तरी पुढे घोडबंदर रोडवर यावंच लागतं, आणि पावसात तिथला भरवसा कोणीच देत नाही. म्हणून घरी पोचण्याची वेळ सैल धरा, गेटची मात्र घट्ट. 12:10 पर्यंत विहानचे बाबा शाळेच्या रस्त्याला लागलेले नसतील, तर त्यांनी आरोहीच्या आईला फोन करायचा आणि तिने ऑफिसला कळवायचं. उलट क्रमाने नाही, कारण शाळा ऐकते ते मुलाच्या पालकाचं. आणि 'मुलं गाडीत' हा मेसेज 12:45 पर्यंत आला नाही, तर आधी बाबांना, मग ऑफिसला फोन. ऑफिसचा लँडलाइन नंबर त्यासाठी मोबाइलमध्ये सेव्ह असू द्या. बरेच जण फक्त बाईंचाच नंबर ठेवतात.

मुलीला स्वतःला काय सांगायचं, तेही ठरवा. सकाळी डबा भरताना एकच वाक्य पुरे: 'आज व्हॅन नाही, विहानच्या बाबांबरोबर यायचं.' त्यांना ती ओळखत नसेल, तर आदल्या संध्याकाळी सोसायटीत खाली समोरासमोर भेट घडवा. अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही असं आपणच शिकवलेलं असतं, तेव्हा ती गेटवर अडून बसली तर चूक तिची नाही.

बुधवारी संध्याकाळी आरोहीचं कार्ड परत घ्या, गुरुवारी सकाळी ते लागेल. शुक्रवारसाठी विहानच्या पालकांनी दुसरी अ च्या बाईंकडे वेगळा अर्ज द्यायचा. आरोहीच्या अर्जावर एकच तारीख आहे आणि तो तिच्यापुरताच आहे.