मेल परत आला नाही, म्हणजे बिल पोचलं असं नाही

बिलाचे पैसे अडकले की दर वेळी तेच वाक्य ऐकू येतं. "मी मेल केलाय, बाउन्स झालेला नाही, म्हणजे त्यांना मिळालंच असणार." बाउन्स होणं आणि स्पॅममध्ये जाणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीची खबर आपल्याला मिळते, दुसरीची मिळत नाही, आणि लोक पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधतात.

बाउन्स सगळ्यांनी पाहिलेला असतो. पत्ता चुकला, समोरचं खातं बंद झालं किंवा मेलबॉक्स भरला, तर Mail Delivery Subsystem या नावाने मेल परत येतो. Address not found दिसलं की पत्ता तपासायचा, एवढंच. फक्त लक्षात असू द्या की अडचण तात्पुरती असेल तर सर्व्हर पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहतो, त्यामुळे बाउन्स एखाद-दोन दिवसांनीही येऊ शकतो.

स्पॅमची गोष्ट वेगळी आहे. इथे समोरच्या सर्व्हरने आपला मेल रीतसर स्वीकारलेला असतो. आपल्या सर्व्हरला "मिळाला" असं उत्तर गेलेलं असतं आणि त्याच्या दृष्टीने काम संपलेलं असतं. मेल इनबॉक्समध्ये टाकायचा, स्पॅममध्ये टाकायचा की अडवून ठेवायचा, हे समोरचा सर्व्हर त्यानंतर ठरवतो आणि ते आपल्याला कळवत नाही. कुरियर सोसायटीच्या गेटवर सही घेऊन निघून जावा आणि पाकीट वॉचमनच्या खणात पडून राहावं, तसं हे आहे. सही खरी असते, पण पाकीट घरात आलेलं नसतं.

यात आणखी एक पायरी आहे आणि बहुतेकांची गल्लत तिथेच होते. मोठ्या कंपन्यांत संशयित मेल कर्मचाऱ्याच्या स्पॅम फोल्डरपर्यंतही येत नाही. तो क्वारंटाइनमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच वेगळा अडवून ठेवलेला असतो, आणि अनेक ठिकाणी तो फक्त आयटीवाल्यांना दिसतो. म्हणून अकाउंट्समधल्या ताई "स्पॅम बघितला, तिथेही नाही" म्हणतात तेव्हा त्या खरंच बोलत असतात. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही. "आयटीला क्वारंटाइन बघायला सांगाल का?" असं विचारायचं.

माझं स्वतःचं एक बिल असंच अडकलं होतं. क्रमांक 25-26-041, रक्कम 38,500 रुपये. बिलिंग सॉफ्टवेअरमधलं पाठवायचं बटण दाबलं. तिथे Sent दिसलं, दुसऱ्या दिवशी Viewed दिसलं, आणि मी निर्धास्त झालो. चोवीस दिवसांनी फोन केला तर उत्तर आलं, "सर, बिलच नाही आलं." त्यांच्या आयटीवाल्याने ते क्वारंटाइनमधून काढून दिलं. मग Viewed कुणी केलं? मेलमध्ये पीडीएफ नव्हती, बिलाची लिंक होती, आणि कंपन्यांच्या सुरक्षायंत्रणा अशा लिंका तपासणीसाठी आपोआप उघडतात. माणसाने बिल पाहिलंच नव्हतं.

कारण शोधायला मी त्याच बटणाने एक बिल स्वतःच्या दुसऱ्या जीमेल खात्यावर पाठवलं. संगणकावर मेल उघडून तीन टिंबांच्या मेन्यूतलं Show original दाबलं की वरच्या बाजूला SPF, DKIM आणि DMARC या तीन तपासण्यांच्या निकालाच्या ओळी दिसतात. मेल खरंच त्या डोमेनकडून आला का, हे या तपासण्या बघतात. मला दिसलेल्या साधारण अशा होत्या (सॉफ्टवेअरचं डोमेन बदललं आहे):

```
SPF:   PASS
DKIM:  'PASS' with domain billing.example
DMARC: 'FAIL'
```

वरचे दोन PASS पाहून फसू नका. ते पास सॉफ्टवेअर कंपनीच्या डोमेनला मिळाले होते, माझ्या नाही. पाठवणारा म्हणून पत्ता माझ्या डोमेनचा दिसत होता, पण त्या मेलवर माझ्या डोमेनची सही कुठेच नव्हती. DMARC नेमकं हेच जुळवून बघतं. आणि माझ्याच डोमेनच्या DMARC नोंदीत `p=quarantine` लिहिलेलं होतं, म्हणजे न जुळणारा मेल बाजूला ठेवा असं मीच जगाला सांगून ठेवलं होतं.

सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आपलं डोमेन जोडण्याची सोय असते. ते ज्या नोंदी देतं त्या डोमेनच्या DNS मध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदींच्या यादीत टाकायच्या आणि पुन्हा चाचणी मेल पाठवायचा. DKIM समोर आपलं डोमेन आणि DMARC समोर PASS दिसेपर्यंत खरं बिल त्या बटणाने पाठवायचं नाही. पाठवणारा पत्ता साधा gmail.com चा असेल तर हा मार्ग बंदच आहे, कारण गूगलचं डोमेन आपल्या ताब्यात नसतं.

महिन्याला दहा-पंधरा बिलं असतील तर माझं स्पष्ट मत आहे की ते बटण वापरूच नका. पीडीएफ उतरवून घ्या आणि आपल्या नेहमीच्या मेलबॉक्समधून जोडून पाठवा. तेही नवा मेल लिहून नाही, तर ज्या मेलवर कामाला होकार आला त्यालाच उत्तर म्हणून, अकाउंट्सचा पत्ता सीसीत घालून. चालू पत्रव्यवहारातला मेल अडण्याची शक्यता बरीच कमी असते. उलट विषयात नुसतं Invoice, मजकूर कोरा आणि जोडलेली झिप फाइल, हा खोट्या बिलांनी फसवणाऱ्यांचा ठरलेला नमुना आहे. पीडीएफला पासवर्डही लावू नका, तपासणीला आतलं दिसत नाही म्हणून संशय वाढतो.

फाइलच्या नावाबद्दल थोडक्यात. `invoice.pdf` हे नाव पाहिलं की मला खरंच त्रास होतो, कारण समोरच्या डाउनलोड्समध्ये त्याचं `invoice (7).pdf` होतं आणि ते कुणाचं हे कुणालाच कळत नाही. आधी आपलं नाव, मग बिल क्रमांक, जसं `Joshi_25-26-041.pdf`. जीएसटीच्या नियमानुसार बिल क्रमांक सोळा अक्षरांपर्यंत चालतो आणि त्यात आडवी रेघ किंवा तिरकी रेघ दोन्ही चालतात. पण विंडोजमध्ये फाइलच्या नावात तिरकी रेघ बसत नाही. म्हणून क्रमांकातच आडवी रेघ ठेवा, म्हणजे बिलावरचा, फाइलच्या नावातला आणि मेलच्या विषयातला क्रमांक अक्षरशः एकच राहील आणि शोधला की सापडेल.

नोंदवहीत माझ्याकडे "पाठवलं" आणि "पोच" असे दोन वेगळे रकाने आहेत. "पोच" या रकान्यात तारीख तेव्हाच पडते, जेव्हा समोरचा माणूस बिल क्रमांक किंवा रक्कम स्वतः सांगतो. Viewed किंवा दोन निळ्या टिका तिथे चालत नाहीत. मेल उघडल्याचं सांगणाऱ्या अदृश्य चित्रांवरही माझा विश्वास नाही, कारण ॲपलच्या मेल ॲपमध्ये 2021 पासून आलेली गोपनीयतेची सोय चालू असेल तर माणसाने मेल उघडला नाही तरी चित्रं आधीच उतरवली जातात. कामाचे तीन दिवस रकाना रिकामा राहिला की मी फोन करतो. पैशांचा विषय काढत नाही, एवढंच विचारतो, "बिल क्रमांक 041 तुमच्याकडे चढलंय का?" जीमेल स्पॅममधले मेल तीस दिवसांनी पुसून टाकतं. तीन दिवसांत विचारलं तर मेल अजून तिथे असतो, आणि त्यांनी Not spam दाबलं की पुढच्या बिलालाही फायदा होतो.