उद्देशपत्राचा मसुदा मागण्यापूर्वी हाती काय असावे

परदेशी विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज करणारे विद्यार्थी मार्गदर्शकाकडे बऱ्याचदा एका ओळीचा निरोप पाठवतात: 'सिव्हिल झाले आहे, अमेरिकेसाठी एसओपीचा ड्राफ्ट हवा.' या ओळीत अभ्यासक्रम नाही, केलेल्या कामाचा तपशील नाही आणि शब्दमर्यादाही नाही. एवढ्यावर लिहून मिळणारी एसओपी, म्हणजेच प्रवेशअर्जासोबतचे उद्देशपत्र, लहानपणापासूनच्या बांधकामाच्या ओढीपासून सुरू होते आणि 'आपल्या नामांकित संस्थेत' येऊन थांबते. अर्जदाराचे नाव बदलले तरी त्यातला एकही शब्द बदलावा लागत नाही, आणि मसुदा निरुपयोगी असल्याची हीच खूण आहे.

सर्वांत आधी अभ्यासक्रम ठरलेला असावा लागतो, कारण उद्देशपत्र हे विभागाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असते आणि तो प्रश्न सगळीकडे एकच नसतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत उद्देशपत्राखेरीज वैयक्तिक वाटचालीचे वेगळे निवेदन मागितले जाते, म्हणून घरची परिस्थिती, गाव आणि अडचणी यांची जागा तिथे दुसऱ्या कागदावर असते. ब्रिटनमध्ये पदवीच्या प्रवेशासाठी 'यूकास' या सामाईक अर्ज स्वीकारणाऱ्या संस्थेकडे जाणारे एकच निवेदन निवडलेल्या पाचही ठिकाणी पोहोचते, त्यामुळे त्यात एखाद्या विद्यापीठाचे नाव घालणे चुकीचे ठरते. पदव्युत्तर उद्देशपत्रात मात्र त्या विभागातील विषय, प्रयोगशाळा आणि प्राध्यापकांचे संशोधन यांचा नेमका उल्लेख अपेक्षित असतो. म्हणून विभागाच्या संकेतस्थळावरील प्रश्न स्वतःच्या शब्दांत न सांगता जसाच्या तसा उतरवून द्यावा. त्याच पानावर पात्रताही तपासून घ्यावी, कारण तीन वर्षांची बीएस्सी किंवा बीकॉम पदवी अमेरिकेतील अनेक विद्यापीठांना पुरेशी वाटत नाही आणि ती उणीव उत्तम उद्देशपत्रानेही भरून निघत नाही.

कामाच्या तपशिलाबाबत सर्वाधिक गैरसमज आढळतो. टक्केवारी आणि क्रमांक गुणपत्रकात असतातच, त्यामुळे ते पुन्हा लिहिल्याने वाचणाऱ्याला नवे काही कळत नाही. 'माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही' असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प अहवाल उघडायला लावतो आणि प्रत्येक कामासाठी चार गोष्टी लिहायला सांगतो: प्रश्न काय होता, गटात तुमच्या वाट्याला नेमके काय आले, काय हाती लागले आणि काय फसले. उदाहरणादाखल, सोलापूरकडच्या एका अर्जदाराने आधी 'भूजलावर प्रकल्प केला' एवढेच लिहिले आहे, असे समजू. विचारपूस केल्यावर कळते की चौघांच्या गटात १४ विहिरींची पाणीपातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजण्याचे काम त्याचे होते, नाल्यावरच्या बंधाऱ्याजवळच्या तीन विहिरींत अपेक्षेइतकी वाढ दिसली नाही, आणि खालच्या खडकाची माहिती नसल्याने त्याचे कारण गटाला सांगता आले नाही. भूजलविज्ञानाचा अभ्यासक्रम का हवा, याचे उत्तर या न सुटलेल्या प्रश्नातच आहे. एखादा विषय राहिला असेल किंवा वर्ष वाया गेले असेल, तर तेही मसुदा लिहिण्याआधी सांगावे, कारण गुणपत्रकात ते दिसणारच असते. त्याचे कारण एक-दोन वाक्यांत सरळ लिहिता येते.

शब्दमर्यादा ही शेवटी कात्री लावण्याची बाब नाही. काय लिहायचे आणि काय गाळायचे, हे तीच ठरवते. वरच्या अर्जदाराला ५०० शब्द मिळाले, तर विहिरींच्या कामाला १८०, नंतरच्या नोकरीला १००, हाच विभाग का याला १२०, पुढच्या बेताला ६० आणि सुरुवातीला ४० शब्द येतात. महाविद्यालयातील महोत्सवाला जागाच उरत नाही. १००० शब्द असतील, तर दुसरे एखादे कामही तितक्याच तपशिलाने मांडता येते. मर्यादा शब्दांची आहे की अक्षरांची, हेही पाहावे. 'यूकास'मध्ये २०२६ च्या प्रवेशापासून निवेदन तीन प्रश्नांत विभागले असून सर्व उत्तरे मिळून ४००० अक्षरे, मोकळ्या जागा धरून, एवढी मर्यादा आहे आणि प्रत्येक उत्तराला किमान ३५० अक्षरे लागतात. ऑनलाइन अर्जाच्या चौकटीत मजकूर चिकटवल्यावर शेवटचे वाक्य पूर्ण दिसते का, हे तिथेच वाचून पाहावे.

तेव्हा मसुदा मागताना अभ्यासक्रमाच्या पानाचा दुवा, विचारलेला प्रश्न, मर्यादा, सर्व सत्रांची गुणपत्रके, प्रकल्प अहवाल, अनुभवाचे दाखले आणि वरच्या चार प्रश्नांची उत्तरे एकत्र पाठवावीत. ही उत्तरे मोडक्यातोडक्या मराठीत असली तरी चालतात. त्यांतले आकडे मात्र अहवालाशी जुळले पाहिजेत, कारण शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांनी तोच प्रकल्प जवळून पाहिलेला असतो.